अकरावं सिलॅबल ही छापखान्याची चूक नव्हे

«शेक्सपिअर पाच मिनिटांत! १) ब्लँक व्हर्स म्हणजे आपला मुक्तछंद. २) प्रत्येक ओळीत दहाच अक्षरं असतात, बोटांवर मोजा. अकरा भरली तर ती छापखान्याची चूक. ३) वाचताना दर दुसऱ्या अक्षरावर जोर द्या, लगा-लगा-लगा, की झालं. ४) लय मोडली की समजा पात्राचं मन मोडलंय.»

हा फॉरवर्ड काल रात्री भाचीकडून आला. तिची परीक्षा आठ दिवसांवर आहे. खाली तिचा प्रश्न होता: «मावशी, ‘द स्लिंग्ज अँड ॲरोज ऑफ आउटरेजस फॉर्च्यून’ची माझी एकोणीस अक्षरं होतायत. कुठे चुकतेय?» पोरीचं गणित बरोबर होतं. तिने देवनागरीत लिहून मोजलं, आणि देवनागरीत ती एकोणीसच होतात.

पहिल्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. ब्लँक व्हर्स निर्यमक असतं, मुक्त नसतं. यमक गेलं तरी वृत्त जागेवर आहे.

दुसरा मुद्दा मात्र पोरांना बुडवणारा आहे. मोजायचं असतं ते सिलॅबल, म्हणजे एका स्वराच्या झटक्यात तोंडातून बाहेर पडतं तेवढं. आपण ‘स्लिंग्ज’ची दोन अक्षरं धरतो, पण इंग्रजीत ते एकच सिलॅबल. ‘थाउजंड’ची आपली चार, त्यांची दोन. त्यामुळे लिपी बाजूला ठेवून कानाने मोजावं लागतं. तसं मोजलं की स्लिंग्जच्या ओळीत अकरा सिलॅबल भरतात. हो, अकरा. आणि ही ओळ हॅम्लेटच्या ज्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’ स्वगतातली तिसरी आहे, त्याच्या पहिल्या पाचही ओळी अकराच्या आहेत. इंग्रजी रंगभूमीवरच्या सगळ्यात प्रसिद्ध स्वगतात ओळीने पाच वेळा खिळे जुळवणाऱ्याचा हात चुकला म्हणायचा का?

गंमत म्हणजे याचा पुरावा छापखान्यातच आहे. ‘हॅम्लेट’ पहिल्यांदा छापलं गेलं 1603 साली. त्या प्रतीत ही ओळ आहे ‘टू बी, ऑर नॉट टू बी, आय, देअर्ज द पॉइंट’. मोजा, बरोब्बर दहा. पण त्याच प्रतीचा पाठ इतका तुटका आणि आखूड आहे की अभ्यासक तिला ‘वाईट क्वार्टो’, म्हणजे वाईट छोट्या आकाराची प्रत, म्हणत आले. 1604-05ची प्रत आणि 1623चा फोलिओ, म्हणजे नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह, या दोन्हींत ओळ संपते ती ‘दॅट इज द क्वेश्चन’वर, म्हणजे अकरा सिलॅबलवर. फॉरवर्डवाल्याच्या नियमाला फिट बसणारी ओळ नेमकी संशयास्पद प्रतीतली निघाली!

हे अकरावं सिलॅबल येतं कसं? साचा असा: दोन सिलॅबलचा एक गण, त्यात पहिलं हलकं आणि दुसरं जोरकस, असे पाच गण. हाच आयँबिक पेंटामीटर. पाचवा जोर पडून गेल्यावर एक हलकं सिलॅबल शेपटीसारखं लटकू शकतं, जसं स्वगताच्या पहिल्या चार ओळींच्या शेवटच्या शब्दांत: क्वेश्चन, सफर, फॉर्च्यून, ट्रबल्स. जोर पाचच राहतात, म्हणून वृत्त मोडत नाही.

‘लगा-लगा’त अर्धं सत्य आहे, तेवढं नाइलाजाने देऊन टाकते. आपल्या प्रमाणिका वृत्तात लघु-गुरू असेच एकाआड एक चार वेळा येतात, आणि साचा कानात बसवायला ते चांगलं आहे. पण लघु-गुरू ठरतात उच्चाराला लागणाऱ्या वेळावर, तर इथे प्रश्न आघाताचा आहे. शिवाय अक्षरगणवृत्तात प्रत्येक जागा बांधलेली असते, जरा हललं की छंदोभंग. ब्लँक व्हर्समध्ये काही जागा हलायला मोकळ्या असतात.

म्हणून आधी साचा लावू नका. आधी ओळ साध्या बोलण्यासारखी म्हणा. ज्या शब्दांत एकापेक्षा जास्त सिलॅबल आहेत त्यांचा आघात शब्दकोशाने ठरवलेला असतो, त्यावर खूण करा. मग अर्थाचे वजनदार शब्द घ्या. उरलेले ‘ऑफ’, ‘द’, ‘टू’ शेवटी. त्यानंतर पाच गण पाडा आणि खुणा कुठे बसत नाहीत ते पाहा.

दुसरी ओळ: ‘व्हेदर टिज नोब्लर इन द माइंड टू सफर’. नियम तिसरा पाळला तर ‘व्हेदर’मधल्या ‘दर’वर जोर येतो. असं कुठला इंग्रज म्हणतो? इथे पहिला गण उलटा आहे, आधी जोरकस मग हलका. पुढे ‘इन’ जोराच्या जागी बसलंय पण स्वतः फिकं आहे. शेजारच्या ‘द’पेक्षा किंचित वर उठलं तरी पुरे, त्याला ‘माइंड’इतकं वजन द्यायची गरज नाही. चौथ्या ओळीत तर हा नियम हास्यास्पद होतो. ‘ऑर टू टेक आर्म्स’मध्ये तो जोर देतो ‘टू’वर, आणि शस्त्र उचलणारं ‘टेक’ दबून जातं! खरं वाचन उलट आहे: ‘ऑर टू’ दोन्ही हलके, ‘टेक आर्म्स’ लागोपाठ जड.

आता मन मोडल्याचं. ओळीच्या सुरुवातीचा उलटा गण शेक्सपिअरमध्ये इतका नेहमीचा आहे की नुसत्या त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. शेपटीचंही तेच. ‘वी फ्यू, वी हॅपी फ्यू, वी बँड ऑफ ब्रदर्स’ ही ओळ पाचव्या हेन्रीची, अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईआधीची. अकरा सिलॅबल, शेवटी शेपटी. हा राजा काय गोंधळलाय?

बदलाला अर्थ येतो तो आजूबाजूच्या ओळींमुळे. हॅम्लेटच्या पहिल्या चार ओळी मऊ शेपटीवर संपतात. पाचवी ऐका: ‘अँड बाय ऑपोजिंग एंड देम. टू डाय, टू स्लीप’. सिलॅबल पुन्हा अकरा, पण शेवट ‘स्लीप’ या जोरकस शब्दावर. मग जादा सिलॅबल गेलं कुठे? ते ओळीच्या पोटात आहे, ‘देम’. जोर पडतात बाय, पो, एंड, डाय, स्लीप यांवर. नुसती बेरीज करणाऱ्याला ही ओळ आधीच्या चारसारखीच वाटेल. पण इथे ‘एंड देम’पाशी वाक्य संपतं, शेपटी तिथेच पडते, एक थांबा येतो, आणि त्यापलीकडे मरणाचा शब्द पहिल्यांदा उच्चारला जातो. चार ओळी ज्या टोकाला विरघळत होत्या, ते विरघळणं आता मध्येच उरकलं आणि ओळ कडक थांबली. पुढची ‘नो मोर, अँड बाय अ स्लीप टू से वी एंड’ बिनतक्रार दहाची. मरणाची झोप मनात येताच वृत्त सरळ चालायला लागतं, हे मला फॉरवर्डमधल्या चौथ्या नियमाच्या अगदी उलट वाटतं. नटाने वेगळं म्हणावं, हरकत नाही. पहिल्याच ओळीत जोर ‘दॅट’वर द्यायचा की ‘इज’वर, यावर वृत्त दोन्हीला होकार देतं, कारण विरामानंतरचा गण उलटायला मुभा आहे.

भाचीला मी सातवी ओळ दिली आहे: ‘द हार्टएक अँड द थाउजंड नॅचरल शॉक्स’. तिचं उत्तर आलं, «पुन्हा अकरा, पण शेपटी सापडत नाही.» नाहीच सापडणार. ‘नॅचरल’ भरभर, दोन सिलॅबलांत म्हणून बघ म्हटलं. दहा मिनिटांनी अंगठा आला.