‘आमचं अ‍ॅप आवडतंय का?’ म्हणे

सकाळी बसचं तिकीट काढत होते. पैसे कापले गेले, तिकीट आलंच नाही, गोल गोल फिरणारं चक्र फिरत राहिलं, आणि त्याच्यावरच टपकन एक चौकट आली, ‘आमचं अ‍ॅप आवडतंय का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. नाही दाबलं. तर एक फॉर्म, ‘आम्हाला सांगा काय चुकलं’. भरला बाई. मग मुद्दाम नवऱ्याचा फोन घेतला, त्याच्याही अ‍ॅपमध्ये तीच चौकट आल्यावर ‘हो’ दाबलं, आणि तिथे काय आलं? फॉर्म-बिर्म काही नाही, थेट प्ले स्टोअरचे पाच तारे.

म्हणजे खूश माणूस चौकात आणि चिडलेला माणूस मागच्या दाराने परसात. आपल्यातल्या कुणाला हे बरोबर वाटणार नाही, त्यामुळे समजावत बसत नाही. पण मी इतकी का भडकलेय ते सांगते. हेच मी स्वतः केलंय.

जुन्या मित्रमैत्रिणींना माहितीय, मी आणि माझी एक मैत्रीण गावाकडच्या दूध संकलन केंद्रांसाठी एक छोटं अ‍ॅप चालवतो. लिटर, फॅट, एसएनएफ टाका, दरपत्रकातून दर निघतो, दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल. सुरुवातीला आम्ही रेटिंग कधी मागायचो? अ‍ॅप पाचव्यांदा उघडलं की. कुठल्याशा ब्लॉगवर वाचलेलं. आता संकलन केंद्रवाला अ‍ॅप उघडतो कधी, तर पहाटे सहाला, समोर किटल्या घेऊन पंधरावीस माणसं उभी असताना. तेव्हा आम्ही तारे मागतोय! एक तारा देऊन एकाने लिहिलं होतं, ‘माप घेताना मध्ये मध्ये करतं’. बरोबरच होतं त्याचं.

पण आम्ही त्यातून काय शिकलो, तर वेळ बदलायचं सोडून वर एक चाळणी बसवली. आधी ‘आवडतंय का?’ विचारायचं, हो म्हणाला तरच स्टोअरचे तारे दाखवायचे, नाही म्हणाला तर फॉर्म. रेटिंग छान वर चढलं. आम्ही दोघींनी त्याचा स्क्रीनशॉट याच भिंतीवर टाकला होता, तुम्ही लाइक पण केलंय, जाऊ दे.

फॉर्म कुठे जायचा? एका मेलबॉक्सला. तो रोज कोण उघडायचं हे ठरलंच नव्हतं. मला वाटायचं ती बघते, तिला वाटायचं मी बघते.

त्याच सुमारास आमच्या दर काढण्यात एक चूक घुसली. दरपत्रक ३.० फॅटपासून सुरू, पुढे दर ०.१ ला एक ओळ. कितवी ओळ घ्यायची हे काढायला आम्ही फॅटमधून ३.० वजा करून ०.१ ने भागायचो आणि पुढचा अपूर्णांक उडवायचो. हिशोब साधा वाटतो ना? पण कॉम्प्युटरमध्ये ४.१ मधून ३ गेले की बरोबर १.१ उरत नाही, १.०९९९९ असं काहीतरी उरतं. भागून येतं १०.९९९, अपूर्णांक उडवला की १०. म्हणजे ४.१ फॅटच्या दुधाला ४.० चा दर. ३.३ लाही तेच. आणि ३.५ ला मात्र अगदी बरोबर! म्हणून तर सापडेना. एका ओळीचा फरक ३० पैसे. सकाळ-संध्याकाळ बारा-बारा लिटर घालणाऱ्याचं दहा दिवसांचं दूध २४० लिटर, म्हणजे रोज ४.१ लागत असेल तर बिलात ७२ रुपये कमी. भागायच्या आधी पूर्णांकात आणलं असतं, ४१ वजा ३०, तर विषयच नव्हता.

आमचे एक काका आहेत, सांगलीकडे केंद्र चालवतात. त्यांच्या हे लक्षात आलं, कारण ते जुन्या सवयीने वहीतही लिहितात. त्यांनी चौकटीत ‘नाही’ दाबून फॉर्म भरला. परत भरला. तिसऱ्यांदा भरला. स्टोअरवर आमचं रेटिंग चकाचक. शेवटी कुणा दुसऱ्याच माणसाने थेट स्टोअरवर जाऊन एक तारा आणि ‘दर चुकतोय, शेतकरी भांडतात’ असं लिहिलं तेव्हा आम्ही हललो, मेलबॉक्स उघडला, आणि काकांना फोन लावला.

काका चिडले नाहीत हो, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ताई, तीनदा लिहिलं की तुमच्या त्या चौकटीत. मला वाटलं ते सगळ्यांना दिसतंय. कुणी काहीच बोलंना, म्हटलं माझंच चुकत असंल." आणि मग हळूच, "इकडं लोक मला चोर म्हणायला लागलेत."

हे टाइप करतानाही कसंतरी होतंय.

त्यांना वाटलं होतं ते गावासमोर बोललेत. आम्ही त्यांचं तोंड उशीत दाबलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, चिडलेल्या माणसाला आधी सपोर्टला पाठवण्यात वाईट काय, त्याचा प्रश्न तर लवकर सुटेल. सुटेल, मान्य, फॉर्म कुणी वाचत असेल तर. पण मग तो फॉर्म सगळ्यांसाठी कायम उघडा ठेवा ना, तारे मागायच्या क्षणीच कशाला आठवतो? आणि हे चालत नाही असं नियमातच आहे. गुगलने २०२० मध्ये अ‍ॅपच्या आतच रेटिंग घ्यायची सोय दिली, तिच्या सूचनांत स्वच्छ लिहिलंय की ताऱ्यांचं कार्ड दाखवण्याआधी ‘अ‍ॅप आवडलं का’ किंवा ‘पाच तारे द्याल का’ असले प्रश्न विचारू नका. अ‍ॅपल तर स्वतःची चौकट बनवूच देत नाही, त्यांचीच वापरा म्हणतं, आणि ती वर्षात जास्तीत जास्त तीनदा दिसते. गुगलचं कार्ड दिसलं की नाही, किती तारे दिले, हेसुद्धा आपल्या अ‍ॅपला कळत नाही. ते कळत नाही म्हणूनच तर लोक आधी हो-नाहीची चाळणी लावतात. आम्हीही लावली होती.

मग आम्ही केलं काय? चाळणी काढली. तक्रारीसाठी पहिल्याच पानावर बटण, खाली आमचा फोन नंबर, सगळ्यांना. आणि तारे मागायची वेळ बदलली. दहा दिवसांचं दुसरं बिल तयार होऊन पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की कार्ड मागायचं, तेव्हा माणूस जरा टेकलेला असतो, समोर रांग नसते. त्या दहा दिवसांत अ‍ॅप बंद पडलं असेल तर पुढच्या बिलाला. ‘रेटिंग द्या’ असं बटणही ठेवलं नाही, कारण एका माणसाला कार्ड किती वेळा दाखवायचं याचा गुगलचा कोटा असतो, तो संपला असेल तर कार्ड येतच नाही आणि माणूस नुसतं बटण दाबत बसतो.

हो, चांगली वेळ बघून विचारणं हीसुद्धा थोडी लबाडीच आहे, कबूल. पण बिल करणाऱ्या प्रत्येकाला कार्डाची पाळी येते, तक्रार केलेल्यालाही. रेटिंग अर्थातच खाली आलं. दोन महिने आम्ही दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हतो त्यावरून.

काकांनाही कार्ड आलं. त्यांनी स्वतःच्या नावाने तीन तारे दिले आणि लिहिलं, ‘आता दर बरोबर येतो. आधी चुकत होता.’ मैत्रीण म्हणाली, त्यांना फोन करून दुसरं वाक्य काढायला सांगू या का. मी म्हटलं, हात लावशील तर बघ.

ता.क. बसचे पैसे अजून आलेले नाहीत. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढा मेल मात्र आलाय, आणि खाली बारीक अक्षरात, या मेलला उत्तर देऊ नये.