शिक्का तिथेच का बसतो?

शिक्का कोऱ्या जागेवर मारायचा नाही, असा कुठेतरी लेखी नियम असावा. अर्धा कागद मोकळा असतो, पण शिक्का नाव, तारीख आणि सही यांच्याच डोक्यावर बसतो. फोटोवर अर्धा शिक्का मारतात ते समजू शकतो. फोटो बदलला तर शिक्क्याचे तुकडे जुळत नाहीत. पण तारखेने कुणाचं काय घोडं मारलंय?

परवा भाषांतरासाठी एका जन्मदाखल्याचा फोटो आला. सोबत निरोप, "सगळं क्लिअर दिसतंय." दिसत होता तो जांभळा गोल शिक्का. त्याची कड जन्मतारखेतल्या इंग्रजी तीनच्या डाव्या बाजूने अशी वळली होती, की तिनाचा आठ झाला होता. बाळ तेराला जन्मलं की अठराला? तारीख अक्षरी लिहिलेली ओळही होती, पण तिच्यावर साहेबांची सही पसरलेली.

अशा वेळी मी फोटोचे लाल, हिरवा, निळा हे चॅनल, म्हणजे रंगांचे थर, वेगळे करून बघतो. छापलेला काळा मजकूर तिन्हींत काळाच राहतो. जांभळी शाई मात्र निळ्या चॅनलमध्ये फिकी पडते आणि हिरव्यात गडद होते. म्हणजे मजकूर वाचायचा तर निळा, शिक्का वाचायचा तर हिरवा. निळ्यात बघितलं तर आठाची डावी बाजू विरघळली आणि तीन उघडा पडला. तरी खात्री करून घ्यावी म्हणून खाली पाहिलं. जन्माची नोंद त्याच महिन्याच्या सोळा तारखेची. जन्माआधीच नोंद करून घेण्याइतकं तत्पर कार्यालय अजून माझ्या पाहण्यात नाही. तेराच!

मग शिक्क्याचा मजकूर. तो दाखल्याच्या वाक्यात मिसळू द्यायचा नाही, नाहीतर आईच्या नावानंतर थेट 'निबंधक' येतं आणि बाईंना फुकटात बढती मिळते. म्हणून वेगळा कंस: [गोल शिक्का, जांभळा: निबंधक, जन्म-मृत्यू, उरलेला मजकूर अस्पष्ट]. यावर ठरलेला फोन आलाच. "अस्पष्ट कशाला? गावाचं नाव मी सांगतो ना!" अहो, तुम्हाला माहीत आहे, पण कागदावर दिसत नाही. आणि भाषांतर कागदाचं आहे.

त्यांचा दुसरा दाखला मात्र झेरॉक्सचा फोटो निघाला. तिथे शिक्काही काळा, अक्षरंही काळी. रंगच नाही म्हटल्यावर चॅनल काय वेगळे करणार, कपाळ? मूळ प्रतीचा फोटो मागितला. तो लगेच आला. दाखला जपून ठेवायचा म्हणून लॅमिनेट केलेला, आणि फ्लॅशचा पांढराशुभ्र गोळा बरोब्बर शिक्क्यावर.

"आता तरी क्लिअर आहे ना?"