‘करण्यात आले’ म्हणजे सावधपणा नव्हे

“शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यात ‘करण्यात आले’, ‘दिसून आले’ हीच भाषा हवी. वाक्ये सरळ केली की दावा उगाच ठाम होतो, संशोधकाचा सावधपणा जातो. आणि ‘आम्ही’ लिहिलेले तर शास्त्रीय वाटतच नाही.”

गोषवाऱ्याची भाषा सरळ करा म्हटले की हा आक्षेप येतो. त्यातला ‘आम्ही’चा मुद्दा सोपा आहे, तो आधी उरकू. ‘आम्ही नमुने गोळा केले’ या वाक्यात क्रियापद ‘नमुने’च्या मागे चालते. ‘माहिती’ म्हटले की लगेच ‘गोळा केली’ होते. म्हणजे मराठी व्याकरणानुसार हाही कर्मणी प्रयोगच. कर्मणीला शास्त्रीय मानणाऱ्याने या वाक्यावर रागावण्याचे कारण नाही. त्याला हवी असते ती ‘-ण्यात येणे’ची रचना, आणि ती शास्त्रापेक्षा सरकारी परिपत्रकाला अधिक जवळची आहे. ज्या इंग्रजी संकेतांचा दाखला दिला जातो तेही बदलले आहेत: शोधनिबंध लिहिण्याच्या एपीए शैलीची 2019 ची सातवी आवृत्ती स्वतः केलेल्या कामासाठी ‘मी’ किंवा ‘आम्ही’ लिहायला सांगते. तरीही मार्गदर्शकांना ‘आम्ही’ खटकत असेल, तर मराठीत कर्ता सरळ गाळता येतो. ‘मातीचे नमुने 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवले.’ यात ‘आम्ही’ही नाही आणि ‘वाळवण्यात आले’ही नाही. कोणी वाळवले हे इथे महत्त्वाचे नाही, म्हणून काही अडतही नाही.

आता सावधपणा. खालचा उतारा आम्ही नमुना म्हणून रचला आहे, पुढचे आकडेही काल्पनिक आहेत. पण अशी भाषा कोणत्याही चर्चासत्राच्या पुस्तिकेत सापडेल.

‘प्रस्तुत अभ्यासात एका तालुक्यातील 60 सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांची निवड करण्यात आली असून त्यांच्याकडून मुलाखतीद्वारे माहिती संकलित करण्यात आली. संकलित करण्यात आलेल्या माहितीचे विश्लेषण करण्यात आले असता, रुंद वरंबा सरी पद्धतीचा अवलंब करण्यात आलेल्या शेतांमध्ये उत्पादनात वाढ झाल्याचे दिसून आले. त्यामुळे सदर पद्धतीमुळे उत्पादन वाढण्याची शक्यता असू शकते असे म्हणता येईल.’

पाच वेळा ‘करण्यात’, आणि त्यातल्या एकातही शंकेचा लवलेश नाही. ‘निवड करण्यात आली’ म्हणजे निवड झाली, शंभर टक्के झाली. ही रचना फक्त कर्ता लपवते. बहुतेक ठिकाणी त्याने शब्द वाया जातात, इतकेच. पाचव्या ठिकाणी मात्र खरे नुकसान होते. पद्धतीचा अवलंब कोणी केला? संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून कोणी कशी पेरणी करायची ते ठरवले असेल, तर तो प्रयोग. शेतकऱ्यांनी आपल्या मनाने रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफवर पेरले असेल, तर ती नुसती पाहणी. दोन्हींतून निघणाऱ्या निष्कर्षाची ताकद वेगळी. ट्रॅक्टर आणि बीबीएफ यंत्र हाताशी असलेला, वाफसा येताच पेरणी उरकणारा शेतकरी सपाट पेरणी करूनही कदाचित चार पोती जास्तच काढेल. सावध राहण्याचे हे कारणच ‘अवलंब करण्यात आलेल्या’ या शब्दांनी गिळून टाकले आहे.

तसाच ‘वाढ’ हा शब्द. वाढ म्हणायला त्याच शेताचे आधीचे उत्पादन माहीत हवे. इथे दोन गटांची तुलना आहे, तेव्हा म्हणता येते ते ‘जास्त’. आणि ‘दिसून आले’ म्हणजे कोणाला, कसे? माल काट्यावर तोलला, की शेतकऱ्याने आठवून सांगितला?

आक्षेप घेणाऱ्यांना भीती असते ती अशा रूपांतराची: ‘आम्ही 60 शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. रुंद वरंबा सरी पद्धत सोयाबीनचे उत्पादन वाढवते.’ दुसरे वाक्य चूकच आहे. पण दोष सरळ रचनेचा नाही. शंका सांगणारी ‘शक्यता’ लिहिणाऱ्याने वाक्य झाडताना केरात टाकली आणि तुलनेच्या जागी कारण सांगणारे क्रियापद बसवले. ‘सदर पद्धतीमुळे उत्पादनात वाढ घडवून आणण्यात आली’ हे वाक्य हव्या तेवढ्या वळणाचे असूनही तितकेच चुकीचे ठरले असते.

म्हणून वाक्य बदलण्याआधी प्रत्येक दाव्यापाशी दोन खुणा कराव्यात: काम कोणी केले, आणि शंका नेमकी कशाबद्दल आहे. दुसरी खूण ज्या शब्दावर पडेल तो नव्या वाक्यात शिल्लक आहे ना, हे शेवटी पुन्हा पाहावे. मग उतारा असा होतो:

‘आम्ही एका तालुक्यातील 60 सोयाबीन उत्पादकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी 32 जणांनी रुंद वरंबा सरी पद्धत स्वतःहून निवडली होती. 28 जणांनी सपाट पेरणी केली होती. पहिल्या गटाने सांगितलेले सरासरी उत्पादन एकरी 8.4 क्विंटल होते, दुसऱ्या गटाने सांगितलेले 7.1. हा फरक पेरणीच्या पद्धतीमुळे पडला असू शकतो. मात्र जमिनीचा पोत आणि यंत्राची उपलब्धता यांचा परिणाम आम्ही वेगळा काढलेला नाही.’

मूळ उताऱ्यापेक्षा हा अधिक सावध आहे. ‘स्वतःहून निवडली’, ‘सांगितलेले’ आणि ‘वेगळा काढलेला नाही’ या तिन्ही मर्यादा कर्ता उघड झाल्यामुळेच लिहिता आल्या.

‘शक्यता असू शकते असे म्हणता येईल’ याबद्दल थोडे. यात शंकेवर शंका, तिच्यावर आणखी शंका आहे. वाचकाला त्यातून एवढेच कळते की लेखक घाबरलेला आहे. एका दाव्याला एक शब्द पुरतो, पण तो तोलून निवडावा लागतो. ‘आढळले’ हे प्रत्यक्ष नोंदीसाठी. ‘असावे’ हे हाताशी पुरावा असलेल्या अनुमानासाठी: सरींतून पाण्याचा निचरा चांगला झाल्याच्या नोंदी असत्या तर वर ‘पडला असावा’ चालले असते. ‘असू शकते’ हे अनेक कारणांपैकी एक सुचवताना. ‘म्हणता येईल’ यातले काहीच सांगत नाही, ते खुशाल काढावे.

आक्षेपात एका ठिकाणी मात्र तथ्य आहे. ‘दोन गटांत फरक दिसून आला नाही’ हे वाक्य आवेशात सरळ करताना ‘दोन्ही गट सारखेच आहेत’ असे होऊन बसते. हे दोन वेगळे दावे आहेत. नमुना लहान असला की खरा फरकही हाती लागत नाही. इथे ‘फरक आढळला नाही’ एवढेच करावे आणि ‘आढळला’ला हात लावू नये. ‘लक्षणीय’चेही तसेच: संख्याशास्त्रीय चाचणी केली नसेल तर तो शब्द वापरू नये, कारण परीक्षक त्याचा अर्थ चाचणीचाच घेणार.

मसुद्यात या रचना शोधायला ‘ण्यात आ’ आणि ‘ण्यात ये’ एवढे अक्षरसमूह शोधपेटीत टाकले तरी बहुतेक सापडतात. ‘पाण्यात आढळले’ हेही त्यात येईल. ते तसेच राहू द्यावे.