ईसॉप मिळालेत ना? मग गुपचूप सही करा

नोकरीच्या ऑफरच्या मेलमध्ये ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर विकत घ्यायचा हक्क, '१०,००० स्टॉक ऑप्शन्स, अंदाजे मूल्य २० लाख' असं ठळक अक्षरांत आलंय? मग अर्ध्या तासात 'थँक यू सो मच' पाठवून मोकळे व्हा. कंपनीचे एकूण शेअर किती, हे चुकूनही विचारू नका. ते १ कोटी असले तर तुमचा वाटा ०.१ टक्का, १० कोटी असले तर ०.०१ टक्का. पण दहा हजार हे दहा हजारच राहतात ना! 'फुली डायल्युटेड, म्हणजे सगळे ऑप्शन्सही धरून, शेअर किती आणि एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर विकत घ्यायचा भाव, काय?' अशी मेल टाकणारी माणसं म्हणजे बैठकीत मुलाची सॅलरी स्लिप मागणारे वधूपिते.

'चार वर्षांचं व्हेस्टिंग, एक वर्षाची क्लिफ, सगळं स्टँडर्ड आहे,' असं एचआरच्या मॅडम फोनवर गोड आवाजात म्हणाल्या असतील; म्हणजे ऑप्शन्स चार वर्षांत टप्प्याटप्प्याने तुमचे होणार, पहिलं वर्षभर काहीच नाही. ते मेलवर लिहून घेणं म्हणजे अविश्वास. ऑफर लेटरमध्ये 'बोर्डाच्या मंजुरीच्या अधीन' असं बारीक अक्षरांत असेल, तेही वाचू नका. आपल्या कायद्याने ग्रँट, म्हणजे बोर्डाच्या मंजुरीने ऑप्शन्स दिले जाणं, आणि व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष जावं लागतं. रुजू झाल्यावर आठ महिन्यांनी बोर्ड बसलं, तर पहिला ऑप्शन हाती यायला विसावा महिना उजाडेल. 'साठ दिवसांत ग्रँट लेटर मिळेल का?' असं विचारून कशाला उगाच त्या बोर्डाची झोपमोड करायची!

आणि नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला, म्हणजे पैसे भरून शेअर घ्यायला, किती दिवस मिळतात, हे तर मुळीच नको. रुजू व्हायच्या आधीच सोडायची भाषा? अशुभ. बहुधा ९० दिवस असतात. समजा, दोन वर्षांनी सोडलीत, ५,००० ऑप्शन्स व्हेस्ट झालेत, एक्सरसाइज प्राइस ५० रुपये. म्हणजे आधी अडीच लाख भरायचे. त्या दिवशी शेअरचं मूल्यांकन ४५० निघालं, तर वरचे ४०० गुणिले ५,०००, असे २० लाख तुमचा पगार धरले जातात. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर वरचा सेस धरून ६ लाख २४ हजार कर. कागदावर श्रीमंत झालात की! शेअर विकायला बाजार नाही, एवढंच. २०२० पासून काही पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की ती सवलत संपते. निष्ठावंत सरकारलाही आवडतात.

एवढं सांगूनही हात शिवशिवत असतील, तर सही करण्याआधी दोन ओळी लिहा: 'व्हेस्ट झालेल्या ऑप्शन्ससाठी ९० दिवसांऐवजी पाच वर्षांची मुदत देता येईल का?' उत्तर येईल, 'प्लॅन सगळ्यांना सारखाच आहे, बदलता येत नाही.' तिथेच थांबा. प्लॅनची प्रत मागू नका. त्यात 'बोर्डास योग्य वाटल्यास ही मुदत वाढवता येईल' असं कलम निघालं, तर मॅडमना उगाच अवघडल्यासारखं होईल.