अंगावर उठलं म्हणजे शेवटची गोळीच?

«औषधाची रिॲक्शन कळवायचा एडीआर फॉर्म पाच मिनिटांचं काम. पुरळ उठायच्या आधी शेवटचं दिलेलं औषध संशयित, ॲडमिशनची तारीख ती सुरुवात, डिस्चार्ज झाला म्हणजे पेशंट बरा. खात्री नसेल तर फॉर्म भरूच नका.» (सांगलीतल्या आमच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

तासगावकडची ४२ वर्षांची बाई धरा. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या कळांसाठी ३ मार्चला कार्बामाझेपिन २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा सुरू झालं. २१ तारखेला ताप, घसा दुखणं, डोळ्यांची आग. २२ ला गावातल्या डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं. २४ ला चेहऱ्यावर चट्टे, तोंडात फोड. २६ ला ॲडमिशन, निदान स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे कातडी, तोंड आणि डोळ्यांवर उठणारी, बहुतेकदा औषधाने होणारी गंभीर रिॲक्शन. बाई म्हणते, "तापाची गोळी घेतली आन् तवाच अंग उठलं बघा." केसपेपरवरही तेच उतरतं.

पण ताप ॲमॉक्सिसिलिनच्या आधीचा आहे. या आजारात कातडीवर काही दिसण्याआधी एक ते तीन दिवस ताप आणि डोळ्यांची आग होते. म्हणजे ती गोळी बहुधा सुरू झालेल्या रिॲक्शनवरच दिली गेली. कार्बामाझेपिन सुरू झाल्यापासूनचे अठरा दिवस मात्र चपखल बसतात, कारण त्याचा हा त्रास बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत होतो. फॉर्ममध्ये दोन्ही औषधं संशयित म्हणून लिहावीत, पण प्रत्येकापुढे सुरू-बंद तारखा हव्यातच. दोन्ही २६ लाच बंद झाली, म्हणून 'औषध थांबवल्यावर उतार पडला' या नोंदीवरून दोघांत निवड होत नाही. ती तारखांवरूनच करावी लागते.

सुरुवात २६ ला लिहिली तर हा सगळा क्रमच पुसला जातो: ॲमॉक्सिसिलिन चार दिवस आधीचं दिसतं आणि ताप कुठेच उरत नाही. केसपेपरवर "दोन दिवसांपासून चट्टे" असेल तर मागे मोजून २४ येते. तापाचं नातेवाइकांना वेगळं विचारावं लागतं. सुरुवात २१ लिहावी आणि वर्णनात ताप २१, चट्टे २४ असं स्पष्ट करावं. औषध नेमकं कधी बंद झालं, हे डिस्चार्ज कार्डावरून न घेता सिस्टरांच्या औषधतक्त्यावरून घ्यावं.

खात्रीचं म्हणाल तर फॉर्मच्या नावातच 'संशयित' आहे. पेशंट, कळवणारा, औषध आणि त्रास एवढं असलं की रिपोर्ट जातो, आणि तो पाठवणं म्हणजे चुकीची कबुली नव्हे, हेही फॉर्मवर छापलेलं आहे. कुठे पाठवायचा माहीत नसेल तर १८००-१८०-३०२४ वर विचारा.

राहिला शेवट. ६ एप्रिलला बाई घरी गेली तेव्हा कातडी सुकत होती, डोळे अजून कोरडे होते. त्या दिवशी फॉर्मवर पेशंटच्या स्थितीची खूण 'बरा होत आहे' वर हवी. महिन्या-दोन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांना पापण्यांचे केस आत वळलेले दिसले, तर त्याच केसचा फॉलो-अप रिपोर्ट जातो आणि खूण 'बरा, पण कायमचे परिणाम' वर सरकते.