स्निचचा ताळा जुळेना

रात्री साडेनऊला मुक्ताला गोष्ट वाचून दाखवायची आणि दहाला दिवा घालवायचा, हा आमच्या घरचा नियम. पुस्तक इंग्रजी, ऐकणारी आठ वर्षांची. त्यामुळे मी एका डोळ्याने वाचते आणि तोंडाने मराठीत सांगते. 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग सुरू केला तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं. घुबडं झाली, झाडू झाले, भिंतीतून आरपार जाणारा फलाट झाला. पलीकडे दिवाणावर पडलेले माझे सासरे, अण्णा, यातल्या एकाही गोष्टीवर काही बोलले नाहीत. माणसं झाडूवर बसून उडतात हे त्यांनी विनातक्रार मान्य केलं.

मग क्विडिच आलं.

"बाजूला सात-सात खेळाडू," मी सांगत होते. "तीन चेसर. ते क्वाफल नावाचा मोठा चेंडू समोरच्या कड्यांतून टाकतात, की 10 गुण. कड्या राखायला एक कीपर. अंगावर धावून येणारे दोन ब्लजर बॅटने हाणायला दोन बीटर. आणि एक सीकर. त्याने फक्त स्निच पकडायचा. अक्रोडाएवढा, सोनेरी, पंखांचा. हॅरी सीकर आहे."

"स्निचचे किती?" दिवाणावरून प्रश्न आला.

"150. आणि स्निच पकडला की खेळ संपतो."

दिवाण करकरला. अण्णा उठून बसले होते. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. दहा पैशांचा फरक निघाला म्हणून एकदा रात्री अकरापर्यंत शाखेत बसून राहिलेला.

"म्हणजे एकट्याचे पंधरा गोल? आणि खेळही तोच संपवणार? मग बाकीचे सहा जण तिथे करतात काय?"

मी म्हटलं, "अण्णा, गोष्ट आहे." हे वाक्य या घरात कधीच उपयोगी पडलेलं नाही.

"कॅरममध्ये राणी किती गुणांची? तीन. नुसती घालून भागत नाही, कव्हर लागतं. बोर्ड हरलास तर घातलेल्या राणीचे गुण शून्य. आणि तुझे बावीस झाले असतील, तर बोर्ड जिंकूनसुद्धा राणीचे काही मिळत नाही. राणी म्हणून डोक्यावर बसवून नाही घेतली कोणी."

पुढच्या रात्री ते कॅलेंडरचं फाडलेलं पान आणि पेन्सिल घेऊनच आले.

पहिला सामना हॅरीचा संघ ग्रिफिंडॉर विरुद्ध स्लिदरिन. हॅरीच्या झाडूवर कोणीतरी जादू केलेली, झाडू पिसाळलेल्या बैलासारखा उधळतोय, मुक्ता माझा दंड आवळून बसलेली. आणि त्या गोंधळात एक वाक्य येतं : सगळे वर हॅरीकडे बघत असताना स्लिदरिनच्या फ्लिंटने पाच गोल केले, कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं. शेवटी हॅरी जमिनीवर आपटतो, खोकतो आणि तोंडातून स्निच बाहेर पडतो. गिळायचाच राहिला होता. निकाल 170-60.

"थांब," अण्णा म्हणाले. पेन्सिल चालली. "170 मधून 150 गेले, उरले 20. म्हणजे यांचे गोल दोन. त्यांचे सहा. पाच तर त्या न पाहिलेल्यातलेच." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "चाळीस गुणांनी मागे असलेला संघ एकशे दहांनी जिंकला, आणि हे कोणाला खटकलं नाही?"

खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच खटकलं. इतकी वर्षं मी ते पाच गोल भर्रकन वाचून पुढे जात होते. पण लेखिकेने ते तसेच वाचले जावेत म्हणूनच लिहिले आहेत, हे मला त्या कॅलेंडरच्या पानामुळे कळलं. सगळ्या मैदानात किमतीचा माणूस एकच. साहजिकच ज्याला काही वाईट करायचं असेल तो त्याच्याच मागे लागणार. पहिल्या भागात झाडू, दुसऱ्यात एकट्या हॅरीचाच पाठलाग करणारा बिघडलेला ब्लजर, तिसऱ्यात भर पावसात मैदानात घुसलेले डिमेंटर, म्हणजे तुरुंगाचे भुतासारखे पहारेकरी. चेसरचा झाडू उधळला असता तर काय, दहा-वीस गुण कमी झाले असते. कोण बघायला जातंय!

शिवाय स्निच दिसेपर्यंत सीकरला काम नाही. सगळ्यांच्या वर घिरट्या घालायच्या आणि नजर फिरवायची. त्या पावसातल्या सामन्यात प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या, रिकाम्या रांगेत बसलेला काळा कुत्रा हॅरीला दिसतो तो म्हणूनच. क्वाफल काखेत धरून धावणाऱ्याला कुत्रा काय, हत्तीही दिसला नसता.

"म्हणजे हा खेळाडू नव्हे," अण्णा म्हणाले, "हा इन्स्पेक्शनला आलेला साहेब."

मला मात्र या नियमातली एक गोष्ट फार आवडू लागली होती. क्विडिचला वेळेचं बंधन नाही. स्निच सापडेपर्यंत खेळ चालतो. संघाचा कप्तान वुड सांगतो की विक्रम तीन महिन्यांचा आहे, खेळाडूंना झोप मिळावी म्हणून बदली माणसं आणावी लागली होती. आणि उलट, हॅरीवर खार खाणारा मास्तर स्नेप पंच असतो तो सामना हॅरी जेमतेम पाच मिनिटांत संपवतो. लेखिकेला घाई असेल तर स्निच नाकासमोर, नसेल तर गायब. ज्या रात्री पाच मिनिटांचा सामना आला त्या रात्री मी पावणेदहाला दिवा घालवला आणि त्या स्नेपला मनोमन दुवा दिला.

अण्णांचा राग थोडा निवळला तो इतिहासामुळे. याच मालिकेच्या अंगाने निघालेलं क्विडिचच्या इतिहासाचं एक छोटं पुस्तक आहे, 2001 सालचं. त्यात म्हटलंय की 1269 साली जादूगारांच्या एका प्रमुखाने चालू सामन्यात स्निजेट नावाचा इवलासा सोनेरी पक्षी सोडला आणि पकडणाऱ्याला 150 गॅलियन देईन म्हणाला. खेळाडू खेळ सोडून पक्ष्याच्या मागे. पुढे ती पद्धतच पडली, आणि त्या रकमेची आठवण म्हणून पक्ष्याला 150 गुण. पक्षी संपत आले तेव्हा त्यांच्या जागी धातूचा स्निच आला.

अण्णा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग एकदम समाधानाने म्हणाले, "कारकुनाची चूक. बक्षिसाची रक्कम गुणांच्या रकान्यात मांडली. आमच्याकडे एकदा झालं होतं असं."

त्यानंतर एक गॅलियन म्हणजे किती, असा प्रश्न आला. 17 सिकल, आणि एक सिकल म्हणजे 29 नट. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "सोळा आण्यांचा निदान अर्धा होतो, पाव होतो. सतराचं काय करायचं?" ती रात्र त्यातच गेली.

तिसऱ्या भागाच्या शेवटी मात्र जे झालं त्याला मी तयार नव्हते. शाळेत चार संघ, प्रत्येकाचे तीन सामने. पण चषक कोणाला, हे नुसत्या जिंकल्या सामन्यांवर ठरत नाही, सगळ्या गुणांची बेरीज धरतात. शेवटच्या सामन्याआधी स्लिदरिन बरोबर 200 गुणांनी पुढे आहे. वुड हॅरीला पुन्हा पुन्हा बजावतो : आपण पन्नासाहून जास्त गुणांनी पुढे असू तेव्हाच स्निच पकड.

"का?" मुक्ताने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अण्णा पलंगावर येऊन बसले. "हे बघ. स्निचचे 150. नुसते तेवढ्याने जिंकलो तर सामना आपला, पण चषक त्यांचा. पन्नासाने पुढे असताना पकडला तर 200, म्हणजे बरोबरी. म्हणून साठ पाहिजेत. साठ आणि दीडशे, दोनशे दहा." मग माझ्याकडे वळून, "हा नेट रनरेट आहे गं! नुसतं जिंकून चालत नाही. आता जमलं बाईंना."

आणि खरंच जमलंय. ज्या सहा जणांना पहिल्या दिवसापासून काम नव्हतं, त्यांच्या एकेका गोलाला आता किंमत आली. सामन्यात हॅरीला स्निच दिसतो, फार लवकर दिसतो, आणि त्याला तो घेता येत नाही. उलट स्लिदरिनचा सीकर मॅल्फॉय, त्याला दिसू नये म्हणून तो भलतीकडेच झाडू पिटाळतो, जणू तिकडेच काही चमकलं. मॅल्फॉय मागोमाग. मुक्ता "अरे पकड ना!" म्हणून किंचाळली आणि अण्णा तिच्यावर ओरडले, "पकडू नको! तीसच झालेत!" नवरा हॉलमधून धावत आला. त्याला वाटलं, पाल पडली.

80-20 झाले आणि अण्णांनी पेन्सिल आपटली. "साठ! आता घे!" हॅरीने घेतला. 230-20. पहिल्यांदाच ताळा जुळला.

चौथ्या भागातल्या विश्वचषकात आयर्लंड 170, बल्गेरिया 10. म्हणजे मागे 160. आणि बल्गेरियाचा सीकर, क्रम नावाचा, स्निच पकडतो. 170-160. स्निच पकडूनही हरला, तोही एकाच गोलाने. स्निच हातात घेऊन याहून कमी फरकाने हरताच येत नाही. हे मी अण्णांना सांगायला गेले तर त्यांनी ते आधीच मांडलेलं होतं.

"वेडा आहे का हा?" मुक्ता म्हणाली.

"मुळीच नाही," अण्णा म्हणाले. "कर्ज फिटणार नाही हे कळलंय त्याला. रोज व्याज चढतंय. त्याने वन टाइम सेटलमेंट केली."

पुस्तकात हॅरी जवळपास हेच म्हणतो, फक्त बँकेशिवाय. हॅरीचा मित्र रॉन, त्याच्या जुळ्या भावांनी नेमकी हीच पैज लावलेली असते : आयर्लंड जिंकेल, पण स्निच क्रमचा. नियम जरा शहाणा असता, स्निच पन्नासाचा वगैरे, तर ही पैज कोणालाही सुचली असती. पैज घेणारा बॅगमन त्यांना लेप्रिकॉन नावाच्या बुटक्यांचं सोनं देतो, ते काही तासांत नाहीसं होतं, मुलं बुडतात. शेवटी हॅरी आपल्या बक्षिसाचे हजार गॅलियन त्यांना देतो आणि त्यातून त्यांचं दुकान उभं राहतं. अण्णांना दुकान आवडलं, पण तारण काय घेतलं हे त्यांनी दोनदा विचारलं.

गेल्या रविवारी दुपारी अण्णांनी कॅरम काढला. मुक्ताला कव्हर, फाउल, सगळं नीट समजावलं. मी स्वयंपाकघरात होते. खाटकन आवाज आला, मग मुक्ताची आरोळी. बाहेर येऊन बघते तर पोरगी दोन्ही हात वर करून गिरक्या घेतेय, मुठीत लाल सोंगटी.

"राणी गेली! एकशे पन्नास! खेळ संपला!" आणि चपला घालून खाली सायकल चालवायला निघूनही गेली.

बोर्डावर अजून तेरा सोंगट्या होत्या. अण्णा स्ट्रायकर हातात धरून बसले होते.

"कव्हर?" ते मला म्हणाले.