बारा खुर्च्यांचा अर्ज

ऑफिसात तुझं नेमकं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, मी दिवसभर स्वतःशीच पत्रव्यवहार करते. एका ब्राउझरमध्ये मी user1 असते आणि खुर्च्या मागते. दुसऱ्यात मी mgr1 असते आणि त्या खुर्च्या नाकारते. तिसऱ्यात मी mgr2, म्हणजे mgr1 रजेवर गेला की त्याचं ओझं वाहणारा गरीब जीव. चौथ्यात मी dir1 असते. खालच्यांनी वेळेत काहीच केलं नाही की सगळं ज्याच्या डोक्यावर येऊन पडतं, तो हा. संध्याकाळपर्यंत मी मलाच इतके नकार दिलेले असतात की घरी कुणी 'नको' म्हटलं तरी मी कारणाचा रकाना शोधते.

आमची मंजुरीची यंत्रणा, म्हणजे मी तपासते ते सॉफ्टवेअर, कागदावर अगदी सज्जन आहे. अर्ज mgr1 कडे जातो. त्याने 48 तासांत हो किंवा नाही म्हटलं नाही, तर टायमर वाजतो आणि अर्ज dir1 कडे एस्कलेट होतो. mgr1 रजेवर असेल तर त्याने नेमलेला माणूस, म्हणजे डेलिगेट, त्याच्या वतीने निर्णय घेतो. अर्ज नाकारला गेला तर अर्जदार दुरुस्ती करून तो परत पाठवतो. तीन नियम, तिन्ही एकेकटे तपासलेले, तिन्ही हिरवे. अडचण इतकीच की माणसं हे नियम एकेकटे वापरत नाहीत. अर्ज करतात, साहेब रजेवर जातात, डेलिगेट नाकारतो, अर्जदार चिडून लगेच दुरुस्ती करतो, आणि हे सगळं एकाच आठवड्यात.

आता 48 तासांचा टायमर तपासायचा कसा? खरोखर 48 तास थांबायचं, हा एक मार्ग. पण तोवर कुणीतरी नवीन बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती, चढवतं आणि डेटाबेस धुऊन टाकतं. दुसरा मार्ग सर्व्हरचं घड्याळच पुढे सरकवण्याचा. तो केला की सगळ्यांची लॉगिन सत्रं एका दमात कालबाह्य होतात आणि शेजारच्या टीमचे लोक येऊन टेबलापाशी न बोलता उभे राहतात. म्हणून आमच्याकडे पूर्वापार चालत आलेली रीत म्हणजे तिसरी: सेटिंगमध्ये 48 तासांच्या जागी दोन मिनिटं लिहायची. टायमर तपासणारा जॉब दर मिनिटाला फिरतो, त्यामुळे फार तर तीन मिनिटांत dir1 च्या इनबॉक्समध्ये अर्ज हजर. सगळे खूश.

मग जिथे ही यंत्रणा रोजच्या वापरात होती, तिथून तक्रार आली. 'अर्ज परत पाठवून जेमतेम एक रात्र उलटली, तरी 48 तास झाले म्हणून तो वर गेला.' आमच्या डेव्हलपरने ती वाचली आणि त्याच्या जमातीचं ब्रीदवाक्य उच्चारलं, "अगं, माझ्याकडे तर नीट चालतंय."

चालतच होतं. मी दोन मिनिटांच्या टायमरवर कितीही खुर्च्या मागितल्या तरी काही बिघडेना. शेवटी तक्रारीतल्या वेळा वहीत एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा चित्र दिसायला लागलं.

सोमवारी सकाळी 10 वाजता अर्ज आला, आठ खुर्च्यांचा. mgr1 कडे निर्णयाचं काम उघडलं आणि टायमर लागला, बुधवारी सकाळी 10 चा. मंगळवारपासून गुरुवारपर्यंत mgr1 रजेवर, म्हणून काम mgr2 कडे सरकलं. टायमर तोच राहिला, आणि तो तसाच राहायला हवा. डेलिगेट बदलला की घड्याळ नव्याने सुरू होत असेल, तर दोन साहेब आळीपाळीने रजा टाकून एखादा अर्ज निवृत्तीपर्यंत एकमेकांकडे ढकलू शकतील. मंगळवारी 11 वाजता mgr2 ने तो नाकारला, 'विभाग लिहिलेला नाही' असं सांगून. मंगळवारी दुपारी 4 वाजता अर्जदाराने विभाग लिहिला, आणि हात लागलाच आहे तर आठच्या बारा खुर्च्या करून अर्ज परत पाठवला. नवीन काम, नवीन टायमर, गुरुवार दुपारी 4 चा. इथवर सगळं यथासांग.

आणि बुधवारी सकाळी 10 वाजता पहिल्या फेरीचा टायमर वाजला. अर्ज नाकारला तेव्हा त्याला कुणी मारलंच नव्हतं. तो उठला आणि त्याने आपल्याला शिकवलेला एकच प्रश्न विचारला:

```
if (request.status == PENDING) escalate(request)
```

अर्ज PENDING होता का? होता. दुसऱ्या फेरीत होता, पण पहिल्या फेरीच्या टायमरला फेऱ्या कुठल्या कळायला? परत पाठवल्यापासून जेमतेम 18 तास झालेले असताना अर्ज dir1 कडे गेला, mgr2 च्या इनबॉक्समधून नाहीसा झाला, आणि mgr1 ला मेल गेली, 'आपण 48 तासांत कार्यवाही केली नाही.' माणूस रजेवर, त्याच्या वतीने दुसऱ्याने पहिल्याच खेपेला वेळेत निर्णय दिलेला, आणि बोल लागला त्यालाच. आमची यंत्रणा माणसांसारखी इतकी हुबेहूब वागेल, असं मला वाटलं नव्हतं.

मग दोन मिनिटांच्या टायमरवर हे का दिसत नव्हतं? कारण आम्ही टायमर आखडला होता, माणूस नाही. मी mgr2 म्हणून नाकारायचे, खिडकी बदलायचे, user1 म्हणून अर्ज उघडायचे, विभाग टाइप करायचे, 'पुन्हा पाठवा' शोधायचे. इतक्यात दोन मिनिटं उलटून गेलेली असायची. जुना टायमर नेमका त्या मधल्या काळात वाजायचा, तेव्हा अर्ज REJECTED असायचा, प्रश्नाचं उत्तर 'नाही' यायचं आणि टायमर गुपचूप निघून जायचा. खऱ्या जगात 48 तासांची खिडकी इतकी रुंद की नकार, चिडचिड, दुरुस्ती, सगळं तिच्यात आरामात मावतं. आमच्या चाचणीत मात्र ती खिडकी माझ्या टायपिंगपेक्षाही अरुंद. वेग वाढवायचा तर सगळ्यांचाच वाढवावा लागतो, नाहीतर घटनांचा क्रमच बदलतो. आणि हा बिघाड पूर्णपणे क्रमाचा होता.

हे डेव्हलपरला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तू जरा भरभर टाइप केलं असतंस तर सापडलं असतं."

त्याच्याशी बोलणं दोन दिवस बंद ठेवायचा विचार होता, पण दुरुस्ती त्यानेच करायची होती. ती त्याने दोन ठिकाणी केली. अर्ज नाकारला की त्या कामाचा टायमर तिथेच रद्द. शिवाय टायमर वाजल्यावर अर्जाची नाही, तर ज्या कामासाठी तो लावला होता त्या कामाची चौकशी:

```
if (task.status == OPEN) escalate(task)
```

रद्द केल्यावर पुन्हा चौकशी कशाला, असं त्याचंच म्हणणं होतं. पण टायमर वाजून जॉब कामाला लागलेला असतानाच mgr2 ने 'नाकारा' दाबलं, तर रद्द करायला टायमर उरलेलाच नसतो. अशा वेळी कामाची नोंद जो आधी कुलूपबंद करेल त्याचं खरं, आणि दुसऱ्याला 'हे काम बंद झालं आहे' असं नम्रपणे कळायला हवं. दोन्ही क्रमांनी हे तपासलं. एकात mgr2 जिंकतो, एकात टायमर. दोघेही जिंकतात असं एकदाही होता कामा नये.

त्याच्याकडून मी आणखी एक गोष्ट करून घेतली. कोडमध्ये जिथे जिथे 'आत्ता किती वाजले' विचारलं जातं, तिथे सर्व्हरला न विचारता एका वेगळ्या घड्याळाला विचारायचं, आणि टेस्टमध्ये त्या घड्याळाचे काटे माझ्या हातात. आता सोमवारी 10, मंगळवारी 11, मंगळवारी 4, बुधवारी 10 वाजून 5 मिनिटं, असा अख्खा आठवडा डोळ्याचं पातं लवण्याआधी पार पडतो, आणि क्रम तक्रारीतलाच राहतो. बुधवारी 10:05 ला अर्ज mgr2 कडेच आहे ना, मेल एकही गेलेली नाही ना, आणि गुरुवारी 4 वाजून गेल्यावर मात्र एस्कलेट झाला ना, एवढंच बघायचं. हे शेवटचं विसरू नये. टायमर कधीच वाजत नसेल, तरी पहिल्या दोन अटी हिरव्याच दिसतात.

काटे हातात आल्यावर मी जरा चेकाळले, हे खरं. mgr1 ला mgr2 कडे आणि mgr2 ला mgr1 कडे डेलिगेट करून दोघांनाही एकाच दिवशी रजेवर पाठवलं. अर्ज दोघांच्यात फिरत राहिला आणि सर्व्हरचा पंखा ऐकू यायला लागला. मग mgr1 चा डेलिगेट म्हणून खुद्द user1 ला नेमलं. त्याने स्वतःच्याच खुर्च्या मंजूर केल्या, आणि नोंदवहीत 'mgr1 च्या वतीने' असं ऐटीत उमटलंही. माझा स्वतःचा रजेचा अर्ज तेव्हा आठवडाभर पडून होता. कुणाच्या तरी खऱ्या इनबॉक्समध्ये, खऱ्या घड्याळावर.

बारा खुर्च्यांचं मात्र राहिलंच. दहाच्या वर खुर्च्या असतील तर mgr1 नंतर dir1 चीही मंजुरी लागते, असा नियम आहे. पण मंजुरीचा मार्ग आखला जात होता पहिल्यांदा अर्ज आला तेव्हा, आठ खुर्च्यांवर. परत पाठवताना बारा केल्या तरी मार्ग आठचाच राहायचा. म्हणजे कमी मागायचं, नकार मिळवायचा, मग हवं तेवढं मागायचं. जुन्या टायमरने अर्ज चुकून dir1 कडे नेला, म्हणून हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एका बिघाडाने दुसऱ्यावर पांघरूण घातलेलं. परत पाठवताना मार्ग नव्याने आखायला लावला, आणि त्याची टेस्ट नऊ, दहा आणि अकरा खुर्च्यांवर लिहिली.

एक वाद अजून मिटलेला नाही. mgr2 ने mgr1 च्या वतीने अर्ज नाकारला, आणि अर्जदाराने तो शुक्रवारी, mgr1 कामावर हजर झाल्यावर, परत पाठवला. आता तो कुणाकडे जावा? ज्याने नाकारला त्याला संदर्भ ठाऊक आहे, ज्याचा अधिकार आहे तो आता जागेवर आहे. मी आमच्या बिझनेस ॲनालिस्टला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, डॉक्युमेंटमध्ये आहे ते." डॉक्युमेंटमध्ये 'योग्य व्यक्तीकडे' असं आहे. मी दोन टेस्ट लिहून टाकल्या, एक mgr1 ची अपेक्षा करणारी, एक mgr2 ची. त्यांतली एक रोज लाल दिसते, आणि तो रोज सकाळी येऊन विचारतो की अजून लाल का आहे.